छत्रीच्या कमानीतून सहा पाकळ्यांचं मंडल: फोटोतली एक फाक उलटवून आणि फिरवून नक्षी कशी करावी

गेल्या गणपतीत आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी मखरामागे तीन फुटांचं गोल मंडल लावलं होतं. शेजारच्या काकू आरतीनंतर जवळ जाऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा बुट्टा कुठल्या साडीवरनं घेतलास गं?" तो बुट्टा साडीचा नव्हता. राजवाड्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या होळकरांच्या छत्र्या, म्हणजे दगडी स्मारकं आहेत. त्यांतल्या एका कमानीचा मी सकाळी मोबाइलवर फोटो काढला होता. त्या फोटोतली एकच निमुळती फाक घेतली, ती आरशातल्यासारखी उलटवून जोडली आणि ती जोडी सहा दिशांना फिरवली. बाकी काही काढलेलं नव्हतं की रंगवलेलं नव्हतं.

हे कसं करायचं ते पूर्ण सांगते. मी GIMP हा फोटोवर काम करायचा प्रोग्रॅम वापरते, तो मोफत मिळतो. संगणकावरच्या ज्या प्रोग्रॅममध्ये लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर असतात त्या बहुतेकांत ही रीत चालेल. मेनूतल्या नावांत आवृत्तीप्रमाणे एखादा शब्द इकडेतिकडे दिसेल.

आधी कोनाचं बघू. माझी फाक ३० अंशांची असते. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणजे त्यात अशा बारा फाका बसतात. त्यांतल्या एकाआड एक फाका सुलट आणि उलट असतात. एक सुलट आणि एक उलट मिळून ६० अंशांची जोडी होते, आणि अशा सहा जोड्यांतून सहा पाकळ्या मिळतात. फाकांची संख्या समच असावी लागते. ४० अंशांच्या नऊ फाका घेतल्या, तर सुलट-उलट करत फिरून आल्यावर शेवटची आणि पहिली दोन्ही सुलट निघतात आणि तिथे शिवण उसवल्यासारखी दिसते. आठ पाकळ्या हव्या असतील तर साडेबावीस अंशांच्या सोळा फाका घ्याव्यात. पहिल्यांदा करताना मात्र सहाच पाकळ्या करा. त्यात एक सोय आहे, ती पुढे येईल.

उलटवायचं कशाला, नुसती फाक फिरवली तर नाही का चालणार? नुसती फिरवली की एका फाकेची उजवी कड दुसरीच्या डाव्या कडेला लागते. या दोन कडांवर फोटोतल्या दोन वेगळ्या जागा असतात, त्यामुळे बारा ठिकाणी चित्र तुटतं. उलटवलेल्या फाकेची कड मात्र स्वतःच्याच प्रतिबिंबाला लागते. तिथे दोन्ही बाजूंना तेच ठिपके असतात, म्हणून जोड आपोआप जुळतो. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१६ मध्ये कॅलिडोस्कोप शोधला आणि १८१७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यांच्या नळीत दोन आरसे हेच काम करतात. खऱ्या आरशांत प्रत्येक प्रतिबिंबागणिक उजेड थोडा कमी होत जातो. आपल्या मंडलात बाराही फाका सारख्याच उजळ राहतात.

आता फाक निवडणं. सगळं मंडल या निवडीवर ठरतं, आणि माझा वेळही सगळ्यात जास्त इथेच जातो.

त्या सकाळी छत्रीकडे जाण्याआधी आम्ही पोहे खाल्ले होते, आणि त्या बशीचाही फोटो माझ्याकडे होता. पिवळे पोहे, वर शेव, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, जिरावण. रंग इतके छान होते की मी आधी त्याच फोटोतून मंडल केलं. ते पार फसलं. सगळीकडे सारखाच बारीक चुरा, कुठेही आकार नाही. दोन हात लांबून ते नुसतं पिवळट गोल पायपुसणं वाटत होतं. मग बशीची कड फाकेतून आरपार जाईल अशी जागा घेतली, तर त्याच फोटोतून पांढऱ्या धारेचं छान कमळ निघालं. फाकेत बारीक पोत हवाच, पण त्याच्या जोडीला एक मोठी, ठळक, फाकेच्या दोन्ही कडांना छेदून जाणारी रेघ पाहिजे, आणि डोळ्याला विसावा म्हणून थोडी मोकळी जागाही.

ती रेघ कडेला कोणत्या कोनात भेटते त्यावर पाकळीचा आकार ठरतो. रेघ कडेला काटकोनात भेटली तर प्रतिबिंबात ती न मोडता पुढे जाते आणि तिथे गोलाई मिळते. तिरकी भेटली तर प्रतिबिंबात ती उलट तिरकी होते आणि तिथे टोक किंवा खाच तयार होते. कडेला समांतर, अगदी तिला चिकटून गेली, तर तिची दुप्पट जाड पट्टी होते आणि मंडलात काठीसारखी उभी राहते. ही तिसरी गोष्ट शक्यतो टाळावी.

माझ्या कमानीचं उदाहरण घ्या. फाकेचं टोक मी कमानीखालच्या सावलीत ठेवलं होतं. कमानीची कोरीव कड फाकेच्या उभ्या बाजूला केंद्रापासून साधारण ९०० पिक्सेलवर जवळजवळ काटकोनात छेदत होती. मग ती खाली वळून दुसऱ्या बाजूला सुमारे ६०० पिक्सेलवर तिरकी बाहेर पडत होती. त्यावरून काय निघणार हे आधीच कळतं. उभ्या बाजूच्या सहा दिशांना ९०० वर गोल माथ्याच्या पाकळ्या येणार, आणि मधल्या सहा दिशांना ६०० वर आत शिरणाऱ्या टोकदार खाचा. तसंच झालं. कमानीबाहेरचं कोरीव काम पाकळ्यांच्या पलीकडे झालरीसारखं पसरलं आणि आतली सावली फुलाच्या गाभ्याचा गडद रंग झाली.

टोकाजवळ काय येतं तेही बघा. ३० अंशांच्या फाकेची रुंदी कोणत्याही ठिकाणी केंद्रापासूनच्या अंतराच्या साधारण निम्मी असते. १००० पिक्सेलवर ती सुमारे ५०० रुंद असते, १०० पिक्सेलवर ५०, आणि २० पिक्सेलवर जेमतेम १०. दहा पिक्सेलांत कोणतीही नक्षी मावत नाही. टोकाशी बारीक कोरीवकाम आलं तर मधोमध गिचमिड होते, आणि नजर तर सगळ्यात आधी तिथेच जाते. म्हणून टोक एकरंगी, शांत जागेवर ठेवावं. सावली, सपाट दगड, आकाश, काहीही चालेल.

माणसांचे चेहरे, मूर्ती आणि पाट्या फाकेच्या कडेवर येऊ देऊ नका. अर्ध्या चेहऱ्याला त्याचाच अर्धा जोडला की विद्रूप आकृती होते, आणि देवाच्या मूर्तीचं तसं झालेलं मला स्वतःला बघवत नाही. पाटीवरची अक्षरं उलटी होऊनही लगेच ओळखू येतात आणि सगळं लक्ष खातात. विजेची तार मात्र बिनधास्त राहू द्या. तिरकी गेलेली एक सरळ तार बारा वेळा मोडून सुबक चांदणी होते.

उन्हाबद्दल थोडं. माझ्या फोटोत प्रकाश उजवीकडून होता. उलटवलेल्या फाकेत तो डावीकडून येतो. मग जोडाच्या रेषेवर दगडाला घडी घातल्यासारखं वाटतं आणि मंडल चुण्या पाडलेल्या कागदासारखं उठावदार दिसतं. मला ते आवडतं. पण खोल सावल्यांत हा परिणाम इतका वाढतो की नक्षीपेक्षा घड्याच दिसत राहतात. सपाट, रांगोळीसारखं मंडल हवं असेल तर ढगाळ दिवशीचा किंवा सावलीतला फोटो घ्या.

संगणकाला हात लावण्याआधी एक चाचणी करता येते. पोस्टकार्डाएवढा फोटो छापून घ्या. दोन छोटे चौकोनी आरसे एका कडेला चिकटपट्टीने पुस्तकासारखे जोडा आणि फोटोवर उभे करा. फोटोचा तुकडा धरून बारा फाका मोजता येतील इतका कोन ठेवला की तो ३० अंशांचा होतो. आता आरसे फोटोवरून सरकवत न्या, चित्र क्षणोक्षणी बदलत जाईल. माझ्या धाकट्या भाचीने पाच मिनिटांत जी जागा शोधली, ती मला स्क्रीनवर तासभर सापडत नव्हती. आवडलेल्या जागेवर पेन्सिलीने टोकाचा ठिपका आणि दोन्ही कडा आखून ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. GIMP मध्ये `File ▸ New` घेऊन ३००० × ३००० पिक्सेलचा कागद तयार करा. संख्या समच हवी. ३००० ची मधली रेषा दोन पिक्सेलांच्या बरोबर मधून जाते. विषम संख्या घेतली तर ती एका पिक्सेलच्या पोटातून जाते आणि तो पिक्सेल कुठल्या बाजूचा हा घोळ शेवटपर्यंत निस्तरत नाही. `Image ▸ Guides ▸ New Guide (by Percent)` मधून ५० टक्क्यांवर एक आडवी आणि एक उभी मार्गरेषा टाका. जिथे त्या छेदतात ते मंडलाचं केंद्र.

`File ▸ Open as Layers` मधून फोटो आणा. मूव्ह टूलने तो असा सरकवा की पेन्सिलीने खूण केलेली टोकाची जागा केंद्रावर येईल. फाकेची एक बाजू केंद्रातून सरळ वर जाणाऱ्या उभ्या रेषेवर असेल आणि फाक तिच्या उजवीकडे पसरेल. त्यासाठी फोटो फिरवावा लागला तर आत्ताच फिरवा, आणि पुनःपुन्हा न फिरवता एकदाच. प्रत्येक फिरवण्यात प्रोग्रॅम शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून नवे पिक्सेल तयार करतो आणि धार थोडी बोथट होते.

लागणारा तुकडा १५०० पिक्सेल उंच आणि वरच्या बाजूला ८६६ रुंद असतो. मोबाइलचा ४००० × ३००० चा फोटो असेल तर त्यात तो बऱ्याच ठिकाणी बसतो. लहान फोटो ताणून मोठा करण्यापेक्षा कागदच लहान घ्यावा. आता फोटोच्या लेयरवर उभं राहून `Layer ▸ Transparency ▸ Add Alpha Channel` करा, म्हणजे पुसलेली जागा पारदर्शक राहील. त्यानंतर `Layer ▸ Layer to Image Size`. ही दुसरी आज्ञा विसरायची नाही. प्रोग्रॅम लेयरला लेयरच्याच मध्याभोवती उलटवतो आणि फिरवतो. लेयर आणि कागद एकाच आकाराचे असले तरच तो मध्य आपल्या केंद्रावर पडतो. फाक उलटवल्यावर ती कुठेतरी भलतीकडे उडी मारून गेली, तर कारण नेहमी हेच असतं.

फाक कापताना मी ती हिशेबापेक्षा किंचित रुंद ठेवते. पहिल्या वेळी मी बरोबर ३० अंशांवर कापली होती. स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं, पण छापून आल्यावर पाकळ्यांमधून केसाएवढ्या पांढऱ्या रेघा केंद्रापर्यंत गेलेल्या दिसल्या. तिरक्या कडेवरचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक असतात. दोन अर्धवट पारदर्शक पिक्सेल एकावर एक आले तरी मिळून पूर्ण भरीव होत नाहीत. दोघे निम्मे असतील तर चौथा हिस्सा मागचं दिसतच राहतं. त्यावर उपाय म्हणजे तिरकी कड दीडएक पिक्सेल बाहेर सरकवणं.

त्यासाठी फ्री सिलेक्ट टूलने चौकोन आखा. पहिला क्लिक केंद्राच्या तीन पिक्सेल खाली, म्हणजे १५००, १५०३ वर. दुसरा वरच्या कडेला २३६८, ० वर. तिसरा वरच्याच कडेला पण उभ्या रेषेच्या थोडा डावीकडे, १४५०, ० च्या आसपास. चौथा खाली १४५०, १५०३ च्या आसपास, आणि परत पहिल्या बिंदूवर येऊन एंटर. आकडे खिडकीच्या खालच्या पट्टीत दिसतात. भरपूर झूम करून क्लिक करा. मग `Select ▸ Invert` आणि डिलीट, म्हणजे फाकेबाहेरचं सगळं जाईल. आता डावीकडची जास्तीची पट्टी काढायची. रेक्टँगल सिलेक्ट टूलमध्ये `Position` ला ० आणि ०, `Size` ला १५०० आणि ३००० टाइप करून परत डिलीट करा. उभी कड हाताने न कापता अशी आकड्याने कापली की ती पिक्सेलच्या सीमेवर स्वच्छ येते. शेवटी `Select ▸ None`. निवड चालू राहिली तर पुढची आज्ञा तेवढ्याच तुकड्यावर चालते आणि एक सुटा लेयर तरंगत राहतो.

पुढचं काम भराभर होतं. फाकेच्या लेयरची नक्कल करा, `Layer ▸ Transform ▸ Flip Horizontally` द्या आणि `Merge Down` करून दोन्ही एक करा. ही आपली ६० अंशांची जोडी, केंद्रातून वर उघडणारी. इथे थांबून नीट बघा. पाकळीचा आकार आवडला नाही तर मागे जायची वेळ हीच आहे.

आता सहा पाकळ्यांची ती सोय. जोडीची नक्कल पाच वेळा वेगवेगळ्या कोनांत फिरवायची गरज नाही, एकदा फिरवली की पुरे. नक्कल घ्या, `Layer ▸ Transform ▸ Arbitrary Rotation` मध्ये कोन ६० द्या, मध्य १५००, १५०० आहे ना ते पाहा. टूलच्या पर्यायांत `Interpolation` ला `NoHalo` ठेवा. फिरवून झालं की लगेच `Layer to Image Size`, कारण फिरवलेल्या लेयरची चौकट मोठी होते आणि तिचा मध्य अर्धा पिक्सेल हलू शकतो. मग या फिरवलेल्या जोडीची नक्कल `Flip Horizontally` ने उलटवा, ती आपोआप दुसऱ्या बाजूला ६० अंशांवर बसते. आता वरच्या अर्ध्या वर्तुळात तीन जोड्या आहेत. तिन्ही `Merge Down` करून एक करा, नक्कल घ्या आणि `Flip Vertically` द्या. खालचं अर्धं भरलं. उलटवण्यात पिक्सेल फक्त जागा बदलतात, धार जराही बोथट होत नाही. म्हणून सहापैकी चार पाकळ्यांनी एकदाच फिरण्याचा किंचित बोथटपणा सोसलेला असतो, आणि वरची-खालची अगदी मूळ फोटोइतक्या स्वच्छ राहतात.

जुळलं का ते डोळ्यांवर सोडू नका. पूर्ण मंडल एका लेयरमध्ये एकत्र करा. त्याची नक्कल आडवी उलटवा आणि लेयरची `Mode` बदलून `Difference` करा. दोन्ही लेयर सारखे असतील तर पडदा पूर्ण काळा होतो. उभ्या मध्यरेषेवर उजळ रेघ दिसली तर उभी कड १५०० वर कापलेली नाही. डावीकडे आणि उजवीकडे सगळीकडे फिकट बाह्यरेषा दिसल्या तर फिरवल्यानंतरचं `Layer to Image Size` राहून गेलंय. तपासणी झाली की तो वरचा लेयर काढून टाका. केसाएवढ्या फटी शोधायला मंडलाच्या खाली भडक गुलाबी रंगाचा लेयर घालून शंभर टक्के झूमवर केंद्रापासून बाहेर बघत जा. पांढऱ्यावर न दिसणारी फट गुलाबीवर लगेच डोळ्यात भरते.

`Filters ▸ Distorts ▸ Kaleidoscope` हे तयार फिल्टर एका झटक्यात असंच काहीतरी करतं. कोणत्या फोटोत दम आहे ते चाचपायला ते चांगलं आहे. पण फाकेच्या कडा नेमक्या कुठून जाव्यात हे त्यात मनासारखं धरता येत नाही, आणि मंडल तर त्या कडांवरच उभं असतं.

बाहेरची कड गोल हवी असेल तर इलिप्स सिलेक्टमध्ये `Position` ० आणि ०, `Size` ३००० आणि ३००० देऊन बाहेरचं काढून टाका. न कापता ठेवलं तर षट्कोन मिळतो, पण त्याची डावी-उजवी टोकं कागदाबाहेर गेलेली असतात. रंग आणि उजेड-अंधार आता ठीक करा, पण पूर्ण मंडलावर एकसारखे. एकाच पाकळीचा डाग ब्रशने पुसला तर ती पाकळी लगेच वेगळी पडते. डाग काढायचाच तर मूळ फाकेत जाऊन काढावा, म्हणजे तो बाराही ठिकाणी जातो.

छापताना ३००० पिक्सेल तीन फुटांवर पसरले की इंचाला ८३ च येतात. मखरामागे, पाच-सहा फुटांवरून बघायला ते पुरतात. हातात धरून बघायच्या फ्रेमसाठी १२ इंचांच्या वर जाऊ नये, तिथे इंचाला २५० मिळतात. मोठंच आणि जवळून बघायचं हवं असेल तर कॅमेऱ्याचा मोठा फोटो घेऊन सुरुवातीपासून ६००० चा कागद धरा आणि वरचे सगळे आकडे त्या हिशेबाने वाढवा. केंद्राखालचे ते तीन पिक्सेल मात्र तीनच ठेवा. तेव्हा तिरक्या कडेचा वरचा बिंदू ४७३४, ० वर येईल.

फाक कापण्याआधीची फाइल मार्गरेषांसकट GIMP च्या स्वतःच्या `.xcf` प्रकारात वेगळी ठेवा. माझ्या त्याच फोटोत टोक दोनशे पिक्सेल खाली सरकवलं, तेव्हा कमानीऐवजी खांबाची कड फाकेतून गेली आणि गोल पाकळ्यांच्या जागी बारा टोकांची चांदणी निघाली. यंदा मखरामागे ती लावणार आहे.